🌱 *शेती सल्ला : मैलापाणी केंद्राचा गाळ शेतात टाकायचा का? आधी दोन कागद बघा*



"शहरातल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा गाळ स्वस्तात मिळतोय, उसाला टाकू का?" असं बरेच जण विचारतात. एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. सवडीने वाचा आणि घरात जो खत टाकतो त्यालाही वाचून दाखवा.

आधी एक गोंधळ मिटवू. साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, वेगळी. ती उसाच्या रसातून निघते. आज बोलतोय तो गाळ म्हणजे संडास-बाथरूमचं पाणी साफ करताना खाली बसलेला मैला. दिसायला दोन्ही काळे, पण एकाच मापाने मोजू नका.

या गाळात नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय कर्ब आहे. त्याचबरोबर दोन धोके आहेत. पहिला *रोगजंतू आणि जंतांची अंडी*. दुसरा *जड धातू*. पहिला धोका उष्णतेने जातो, दुसरा कशानेच जात नाही. बाकी सगळा सल्ला यावरूनच समजेल.

*🔥 पहिला धोका : जंतू*

कॉलरा, टायफॉइडचे जंतू उन्हात आणि कोरड्या मातीत तुलनेने लवकर मरतात. चिवट असतात ती गोल जंताची अंडी. त्यांचं कवच जाड असतं, ओलसर मातीत ती वर्षानुवर्षं तग धरतात. गाळ वाळून भुसभुशीत झाला, वास गेला, म्हणजे अंडी मेली असं समजू नका. वास आणि अंडी यांचा काही संबंध नाही.

"चुना मारला की झालं की!" असंही काही जण म्हणतात. भरपूर चुना घालून सामू १२ वर नेला आणि दोन तास टिकवला तर बरेच जंतू मरतात, वासही थांबतो. पण नुसत्या चुन्याने जंताची अंडी मरतील याची खात्री नाही. त्यात आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी आधीच जास्त आहे. अजून चुना ओतून जस्त, लोहाची कमतरता कशाला ओढवून घ्यायची?

खात्रीचा उपाय म्हणजे ढीग तापवणं. अमेरिकेच्या गाळ-वापर नियमांत याचं माप स्पष्ट आहे. उघड्यावरच्या लांब ढिगाचं तापमान *किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त* राहिलं पाहिजे आणि त्या काळात ढीग *किमान ५ वेळा* पलटला पाहिजे. पलटायचं कारण सोपं आहे. ढीग आतून तापतो, बाहेरचा वीतभर थर गारच राहतो. तो आत गेल्याशिवाय त्यातली अंडी मरत नाहीत.

*⚖️ ढीग का तापत नाही? हिशोब बघा*

यंत्रातून पिळून आलेल्या गाळातही साधारण ८० टक्के पाणी असतं. म्हणजे १ टन गाळात ८०० किलो पाणी आणि २०० किलो सुका माल. ट्रॉलीवर पैसे देताना हे लक्षात ठेवा. असा चिखल नुसता रचला तर त्यात हवा शिरत नाही, तो कुजतो पण तापत नाही. शिवाय गाळात नत्र जास्त आणि कर्ब कमी. त्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

दोन्हीवर औषध आपल्या फडातच आहे : *उसाचं पाचट*.

१ टन गाळात सुमारे ४५० किलो वाळलेलं, बारीक केलेलं पाचट मिसळलं तर ओलावा ८० वरून ६० टक्क्यांवर येतो. आता कर्ब-नत्र बघू. गाळाच्या २०० किलो सुक्या मालात साधारण ७० किलो कर्ब आणि ८ किलो नत्र धरा. पाचटातून साधारण १७० किलो कर्ब आणि दीड किलो नत्र येईल. एकूण कर्ब २४०, नत्र साडेनऊ. प्रमाण आलं २५ ला १. ढीग तापायला हेच हवं.

चालू ढीग कसा ओळखायचा?
▪️ मूठभर मिश्रण घट्ट दाबा (हातमोजा घालूनच). बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाचट वाढवा.
▪️ डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे कर्ब कमी पडलाय. पाचट वाढवा.
▪️ सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. लगेच पलटा.
▪️ लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगात हातभर आत, तीन-चार ठिकाणी लावा. हात लावून "गरम लागतंय" म्हणणं चालत नाही. ४५ अंशही हाताला गरमच लागतं, पण अंडी मारायला ते पुरत नाही.

हे काम घराजवळ, गोठ्याशेजारी किंवा विहिरीवर कुणीही करायचं नाही. ते केंद्रावर, पक्क्या फरशीवर आणि छपराखाली व्हायला हवं. तुम्ही मागायची ती *तापमानाची नोंदवही*. तारीख, अंश आणि कधी पलटलं ते त्यात असतं. हा पहिला कागद. एक गोष्ट डोळ्यांनीही बघून घ्या. कच्चा गाळ आणि तयार खत एकाच बकेटने उचलत असतील, किंवा कच्च्या ढिगाचं पाणी तयार ढिगाकडे वाहत असेल, तर तयार खतात पुन्हा जंतू शिरतात. मग नोंदवही कितीही चांगली असो, उपयोग नाही.

*🧪 दुसरा धोका : जड धातू*

गटारात फक्त घरांचं पाणी असेल तर धातू सहसा कमी असतात. प्लेटिंग, बॅटरी, चामडं, रंग यांचं पाणी त्याच गटारात सुटत असेल तर क्रोमियम, शिसं, कॅडमियम, निकेल गाळात साचतात. आपल्या देशात खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत. किलोमागे मिलिग्रॅममध्ये : कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, तांबं ३००, जस्त १०००.

इथे एक उदाहरण सोडवू. समजा कच्च्या गाळाच्या रिपोर्टमध्ये क्रोमियम १०० आलं. केंद्रवाला म्हणतो, "पाचट मिसळल्यावर आपोआप कमी होईल." होईल का?

१ टन गाळात सुका माल २०० किलो, म्हणजे क्रोमियम २० ग्रॅम. पाचटाचा सुका माल साधारण ३८० किलो, त्यात क्रोमियम नगण्य. मिश्रण झालं ५८० किलो. यात २० ग्रॅम म्हणजे किलोला सुमारे ३४ मिलिग्रॅम. पास वाटतं ना? पण ढीग कुजताना कर्ब हवेत जातो. सुका माल ४० टक्के घटला तर उरतो सुमारे ३५० किलो. क्रोमियमचे २० ग्रॅम मात्र तसेच. म्हणजे किलोला ५७. *नापास!* ढीग झकास तापला, पाच वेळा पलटला, तरी नापास.

म्हणून रिपोर्ट *तयार, चाळलेल्या खताचाच* मागा. कच्च्या गाळाचा किंवा ताज्या मिश्रणाचा चालणार नाही. हा दुसरा कागद. त्यावर ढिगाचा किंवा बॅचचा नंबर आणि तारीख हवी. मागच्या वर्षीचा एकच रिपोर्ट सगळ्या मालाला दाखवत असतील तर माल सोडून द्या.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने अहमदाबादला २०१९ पासून सुकवलेल्या गाळावर गॅमा किरण सोडून जंतू मारतात. दिवसाला १०० टन क्षमतेचं ते केंद्र आहे. यात गाळ किरणोत्सारी होत नाही, ती भीती नको. पण किरणांनीही धातू जात नाहीत. तिथल्या मालालाही धातूंचा रिपोर्ट लागतोच.

*🏭 जाळून टाकला तर?*

आपल्या शेजारी वाईला २०१८ पासून नगरपालिका घरांच्या सेप्टिक टाक्या ठरलेल्या वेळापत्रकाने उपसते. तो मैला ७० हजार लिटर रोज क्षमतेच्या केंद्रावर जातो. तिथे पाणी वेगळं करून, वाळवून, कमी हवेत तापवून त्याचा कोळसा म्हणजे बायोचार करतात. जंतूंचा प्रश्न तिथेच संपतो. पण नत्र बहुतेक उडून जातं, स्फुरद उरतं आणि सहज न उडणारे धातू उरलेल्या मालात जास्त दाट होतात. म्हणून बायोचारला युरियाचा पर्याय समजू नका आणि धातूंचा रिपोर्ट इथेही मागाच.

इंधन म्हणून ओला गाळ कामाचा नाही. सुका गाळ किलोला ढोबळ ३००० किलोकॅलरी देतो. १ टन ओल्या गाळातले २०० किलो म्हणजे ६ लाख. त्यातलं ८०० किलो पाणी उडवायलाच सुमारे ५ लाख लागतात. धूर आणि भट्टीतून जाणारी उष्णता धरली तर हाती काही उरत नाही. आधी उन्हात वाळवला तरच पुढचं गणित जमतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात तर हा गाळ अजिबात घालू नका. धुरातून काय बाहेर पडतंय हे तिथे कुणी मोजत नाही, आणि वर काहिलीत रस उकळत असतो.

*🌾 कुठे टाकायचा, किती टाकायचा*

✅ दोन्ही कागद पक्के असतील तर ऊस लागणीआधी सरीत, मातीआड. एकरी २ टनांपासून सुरुवात करा.
❌ हळद, आलं, गाजर, मुळा, कांदा, पालेभाज्या यांना नको. अर्धवट प्रक्रिया झालेल्या गाळासाठी अमेरिकेच्या नियमांत जमिनीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी १४ महिने आणि जमिनीखालच्या पिकासाठी २० ते ३८ महिने थांबायला सांगितलं आहे. उसानंतर हळदीचा फेरपालट करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या.
❌ निर्यातीच्या द्राक्षबागेत खरेदीदाराला लेखी विचारल्याशिवाय नको.
❌ ओढ्याकाठी, विहिरीजवळ, पाणथळ रानात नको.

खताची बचत किती? २ टन तयार खतात २५ टक्के ओलावा आणि सुक्या मालावर २ टक्के नत्र धरलं तर एकूण नत्र ३० किलो. पहिल्या वर्षी पिकाला त्यातलं साधारण पाव, म्हणजे सात-साडेसात किलो मिळतं. म्हणजे *युरिया फक्त १५-१६ किलो वाचतो*, पोत्याचा एक तृतीयांश. बाकीचं नत्र पुढे हळूहळू मिळतं आणि कर्बाचा फायदा वेगळा. "युरियाच लागणार नाही" असं सांगून विकणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

पसरताना हातमोजे, गमबूट आणि तोंडाला रुमाल वापरा. नंतर साबणाने हात धुवूनच पाणी प्या.

📲 कुणी गाळ-खत देऊ केलं तर ट्रॉली रिकामी करून घेण्याआधी दोन्ही कागदांचे फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. वाचून, घ्यायचं की नाही ते त्याच दिवशी कळवतो. कागद नसतील तर ट्रॉली बांधावरूनच परत पाठवा.

— कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, इस्लामपूर