अर्जातला «Expected CTC» रकाना: हातात येणारा पगार तिथे लिहू नका

दुकान टाकायच्या आधी एक-दोन वर्षं नोकरी करून भांडवल जमवायचं, असं ठरवलेले आपल्यात बरेच जण आहेत. आजचा विषय त्यांच्यासाठी. व्हिडिओत हिशोब भराभर सांगितला होता, म्हणून इथे नीट मांडतो.

कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंट असलेला एक मुलगा माझ्याकडे शिकायला येतो. त्याच्या खात्यावर महिन्याला सुमारे 18,200 रुपये जमा व्हायचे. साताऱ्याच्या एका जागेसाठी ऑनलाइन अर्ज भरताना त्याने 18,200 गुणिले बारा केलं, 2.18 लाख आले. मग थोडं वाढवून अपेक्षित पगार टाकला 2.6 लाख. लगेच ऑफर लेटर आलं! पेढे घेऊन दुकानात आला. मी कागद वाचला आणि विचारलं, "अरे, इथं हातात किती येणार?" हिशोब केला तर साडेसतरा हजारांच्या आत. म्हणजे पगार वाढला नव्हता, कमी झाला होता.

चूक कुठे झाली? हातात येतो तो पगार आणि सीटीसी हे वेगळे आकडे आहेत. सीटीसी म्हणजे तुमच्यावर मालकाचा होणारा एकूण खर्च. त्याची जुनी स्लिप बघा:

- ग्रॉस पगार 20,000, त्यात बेसिक 12,000.
- त्याच्याकडून कपात: पीएफ 1,440, ईएसआय 150, व्यवसाय कर 200. हातात 18,210.
- मालक वरून भरतो: पीएफ 1,440, ईएसआय 650. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 577.

ग्रॉस आणि मालकाचे हे तीन आकडे मिळवले की महिन्याला 22,667 होतात. वर्षाचे 2.72 लाख. म्हणजे तो आधीच 2.72 वर होता आणि मागितले 2.6! एचआरला फोन केला तर उत्तर आलं, "तुम्हीच लिहिलंय ना?" त्याने ती ऑफर सोडली.

दुसऱ्या अर्जाला आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी हातात किती हवेत ते ठरवलं. सांगलीत तो घरी राहायचा. साताऱ्यात खोली, मेस आणि येणं-जाणं यांचा जादा खर्च 5,500 धरला. म्हणजे 23,700 मिळाले तर बचत जेमतेम आहे तेवढीच राहणार. ही झाली तळरेषा. वर काहीतरी उरावं म्हणून लक्ष्य ठेवलं 25,000.

आता 25,000 चा सीटीसी काढू. बेसिक 15,000 धरलं तर पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जाईल, म्हणून ग्रॉस 27,000 हवा. ग्रॉस 21,000 च्या वर गेल्यामुळे ईएसआय लागत नाही. मालकाचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटी 722 मिळवली की 29,522, वर्षाला 3.54 लाख. याच पद्धतीने तळरेषा येते 3.39 लाख.

आता चाळणीचं बघू. नोकरीच्या पोर्टलवर भरती करणारा माणूस किमान आणि कमाल लाख टाकून यादी गाळू शकतो. तुमचा आकडा त्याच्या कमालपेक्षा वर असेल, तर अर्ज त्याच्या नजरेलाच पडत नाही. या जाहिरातीत 3 ते 3.6 लाख दिले होते, म्हणून आम्ही 3.6 भरले. चाळणीतही बसलं आणि बोलणीला थोडी जागाही राहिली. कमाल 3 लाखच असती, तर अर्जच केला नसता. कारण आकडा पाडून नोकरी मिळाली तरी खिशातून पैसे घालावे लागले असते.

जाहिरातीत आकडा दिलेला नसेल, तर त्याच शहरातल्या तशाच कामाच्या चार-पाच जाहिराती बघा. त्यांच्या पट्ट्यात तुमचा आकडा बसतो का, ते तपासा.

रकाना भरताना एकक आधी वाचा. «LPA» लिहिलं असेल तर 3.6 टाका. वर्षाचे रुपये मागितले असतील तर 360000, आणि महिन्याचे मागितले असतील तर 30000. लाखाच्या रकान्यात 25000 टाकलं की तुमची मागणी पंचवीस हजार लाखांची होते, अर्ज बाहेर! रकाना फक्त आकडा घेत असेल तर 0 टाकून चकवा देऊ नका. चाळणी तो आकडा खराच धरते.

सध्याचा पगार मात्र खरा लिहा. पुढे सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतात, तिथे खोटं उघडं पडतं.

शेवटी त्याचं जमलं 3.48 लाखांवर. सही करण्याआधी त्याने एकच गोष्ट विचारली: "यात फिक्स्ड किती आणि इन्सेंटिव्ह किती?" सगळं फिक्स्ड होतं. हातात साधारण साडेचोवीस हजार येतात.

तुमची शेवटची सॅलरी स्लिप काढा आणि आधी सध्याचा सीटीसी काढून बघा. उद्या दुकानात माणूस ठेवाल, तेव्हा त्याचा खरा खर्च काढायलाही हाच हिशोब लागेल.