हार्ड डिस्क ‘टक्-टक्’ करते तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार होता. प्रेपच्या तासाला अकरावीचा एक छात्र कॉम्प्युटर लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. हातात तळहाताएवढी एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती. “सर, लावली की नुसती वाजते. स्क्रीनवर काहीच येत नाही.”

मी ती केबलने संगणकाला जोडली. मोटर फिरू लागल्याचा बारीक घूं असा आवाज आला आणि मग, घड्याळाच्या लंबकासारखा, टक्... टक्... टक्. सातवा-आठवा ठोका ऐकला आणि मी केबल काढून घेतली.

“सर, अजून थोडं थांबला असतात तर कदाचित उघडली असती,” तो म्हणाला. बहुतेकांना असंच वाटतं. म्हणूनच हा लेख लिहितो आहे. टक्-टक् करणाऱ्या डिस्कसाठी पहिलं काम एकच, ती बंद करणं. बाकी सगळा विचार ती बंद असताना करायचा.

हा आवाज येतो कुठून?

डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरतात. चकतीवरून एक बारीक आर्म सरकतो. त्याच्या टोकाला माहिती वाचणारं आणि लिहिणारं हेड असतं. हे हेड चकतीला टेकत नाही. फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून ही फट किती लहान आहे ते कळेल.

डिस्क बंद असते तेव्हा हेड चकतीच्या बाहेर, एका छोट्या उतारावर विसावलेलं असतं. वीज मिळाली की चकत्या वेग घेतात, हेड चकतीवर येतं आणि कारखान्यात लिहून ठेवलेल्या खुणा शोधू लागतं. आपण कुठे आहोत हे त्याला त्या खुणांवरूनच समजतं. त्यानंतर ते चकतीच्या एका राखीव भागातून डिस्कचा स्वतःचा कारभार चालवणारी माहिती वाचतं. हे सगळं जमलं की मगच डिस्क संगणकाला सांगते, ‘मी अमुक, माझी क्षमता इतकी.’

खुणा सापडल्या नाहीत तर आर्मला जागेचा अंदाज राहत नाही. तो टोकापर्यंत जाऊन अडथळ्यावर आपटतो, मागे येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आपल्याला ऐकू येतो तो हाच ठोका. म्हणजे आवाज येणं आणि डिस्क न दिसणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. हेडला वाचता येत नाही, या एकाच गोष्टीचे ते दोन परिणाम आहेत.

एक साधं कारण आणि एक गंभीर कारण

हेडला वाचता न येण्याचं साधं कारण म्हणजे अपुरी वीज. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळेल असं मानक सांगतं. मोटर सुरू होण्याच्या क्षणी काही डिस्कना एक अँपिअरच्या आसपास वीज लागते. लांब आणि बारीक केबल, वीज नसलेला हब किंवा कॅबिनेटच्या पुढचं सैल पोर्ट असेल, तर नेमक्या त्याच क्षणी वीज कमी पडते. हेड मागे घेतलं जातं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

गेल्या वर्षी आमच्या लॅबच्याच एका डिस्कचं असं झालं होतं. कोणीतरी मूळची आखूड केबल हरवून दीड मीटरची केबल लावली होती, तीही पुढच्या पोर्टला. आखूड केबलने मागच्या पोर्टला जोडताच ती मुकाट्याने सुरू झाली.

गंभीर कारण म्हणजे हेड किंवा चकती यांना झालेली इजा. बहुतेक वेळा ती डिस्क पडल्यामुळे होते, कधी झिजेमुळेही होते.

दोन्हींतला फरक काही अंशी कानाने कळतो. वीज कमी पडत असेल तर ठोक्याबरोबर मोटरचाही आवाज खाली जातो आणि पुन्हा चढतो. हेड खराब असेल तर मोटर एकसुरात फिरत राहते, तिच्यावर ठोके पडत राहतात आणि थोड्या वेळाने डिस्क स्वतःच थांबते. पण फक्त कानावर विसंबू नये. आवाजापेक्षा डिस्कचा इतिहास जास्त सांगतो.

म्हणून तीन प्रश्न

डिस्क टेबलावर ठेवून मी छात्राला विचारलं, “पडली होती का? कधीपासून असं होतंय? आणि तू आतापर्यंत काय काय केलंस?”

“पडली नाही, सर. काल इथे आल्यापासून. दोनदा लावून बघितली.”

पडलेली नसेल तर एक चाचणी करता येते, आणि ती फक्त एकदाच. डिस्कसोबत आलेली आखूड केबल किंवा खात्रीची दुसरी आखूड केबल घ्यायची. हब काढून टाकायचा. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट जोडायचं आणि दहा सेकंद ऐकायचं. ठोके चालूच राहिले तर लगेच काढायचं. डिस्क मोठी आणि स्वतंत्र ॲडॅप्टरवर चालणारी असेल तर तिचाच १२ व्होल्टचा ॲडॅप्टर वापरायचा. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर पिन बसते म्हणून लावला, तर आतलं सर्किट जळू शकतं.

मी आखूड केबल हातात घेतली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सर, एक सांगायचं राहिलं. गाडीत वरच्या बर्थवर लॅपटॉपला लावून पिक्चर बघत होतो. तेव्हा खाली पडली. आईला सांगितलं नाही.”

मी केबल परत खणात ठेवली.

डिस्क चालू असताना पडली होती, म्हणजे पडताना हेड चकतीवर होतं. हेड वाकलं किंवा तुटलं असेल, तर पुन्हा वीज देताच ते सेकंदाला ९० फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या चकतीवर घासणार. हेड बदलता येतं. पण चकतीवरचा थर खरवडला गेला तर त्यावर लिहिलेली माहिती कोणीही परत आणू शकत नाही. म्हणून पडलेल्या डिस्कवर ती एक चाचणीसुद्धा करायची नाही. त्याने ते सांगितलं नसतं, तर मी स्वतःच्या हाताने ते नुकसान केलं असतं.

आत काय होतं?

संध्याकाळी त्याच्या आईंचा साताऱ्याहून फोन आला. “सर, फोटो गेले तरी चालतील. त्यात सासऱ्यांचा आवाज आहे. दोन वर्षांपूर्वी गेले ते. त्यांच्या पलटणीतल्या गोष्टी यानेच रेकॉर्ड केल्या होत्या. दुसरीकडे कुठेच नाहीत.” या पानासाठी त्या गोष्टी लिहून काढायच्या म्हणून तो डिस्क शाळेत घेऊन आला होता.

“माझा भाऊ म्हणतो फ्रीजरमध्ये ठेवा,” त्या पुढे म्हणाल्या. मी त्यांना जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहितो.

फ्रीजरमधून काढलेल्या थंड डिस्कवर, बाहेरच्या ग्लासावर येतो तसा, दमटपणा येतो. तो चकतीवर आला तर हेड त्यावर आपटतं. डिस्क घरी उघडूही नये, कारण हवेतला साधा धुळीचा कण हेडखालच्या फटीपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो. टिचक्या मारणं, हलवणं यानेही तेच होतं. माहिती परत आणणारं सॉफ्टवेअर इथे उपयोगाचं नाही. ते डिस्क ओळखली गेल्यावरच चालतं, आणि तोवर खराब हेड फिरत राहतं. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावू नये, कारण बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात.

कधी अशी डिस्क अर्धवट ओळखली जाते आणि विंडोजमध्ये हा संदेश येतो:

```
You need to format the disk in drive E:
before you can use it.
```

तिथे `Cancel` दाबायचं. डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करा असं विचारलं तरी नाहीच म्हणायचं. `chkdsk` सुद्धा चालवायचं नाही, कारण दुरुस्ती करायला सांगितलं की ते डिस्कवर लिहितं.

पुढे काय झालं?

मी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, चारही बाजूंना दोन-दोन इंच फोम लावून खोक्यात हलणार नाही अशी बसवली. सोबत एक कागद ठेवला: चालू असताना बर्थवरून पडली, त्यानंतर तीन वेळा वीज दिली, सर्वांत महत्त्वाचं काय तर ध्वनिमुद्रणाचं फोल्डर. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. दुरुस्त केलेली डिस्क किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे आधी काय वाचायचं हे त्यांना कळलं पाहिजे.

माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत हे काम धूळविरहित कक्षात होतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेड काढून बसवतात आणि चकतीची प्रत नव्या डिस्कवर उतरवून घेतात. खर्च हजारांत जातो. म्हणून पाठवण्याआधी दोन गोष्टी लेखी विचाराव्या: तपासणीचे किती, आणि माहिती मिळाली नाही तर किती.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. एक हेड वाकलं होतं आणि त्याच्या खालच्या चकतीवर कडेला छोटा ओरखडा होता. बरेच व्हिडिओ गेले. काही फोटो अर्धेच उघडतात. ध्वनिमुद्रणाच्या चौदा फाइलपैकी तेरा पूर्ण मिळाल्या, चौदावी मध्येच थांबते.

त्या तेरा फाइलची एक प्रत आता साताऱ्याला आहे, एक लॅबमधल्या डिस्कवर आणि एक ऑनलाइन साठवलेली. छात्र रविवारी हेडफोन लावून बसतो आणि आजोबांचं बोलणं वहीत उतरवतो. चौदाव्या फाइलमध्ये ते एका नदीपाशी पोचतात आणि आवाज बंद होतो. पुढची गोष्ट त्याने ऐकलेली आहे, म्हणून ती तो आठवून लिहितो आहे.