नाव शेवटी घे

अगं, यंदा अभियंता दिनाला प्रमुख पाहुण्यांचा परिचय तू करून देणार, हे कळल्यापासून तुला सांगायचं मनात होतं. त्यांचा तीन-चार पानी बायोडेटा आला असेल. तो वाचून दाखवायचा नाही. आठवडाभर आधी त्यांना फोन कर. नावाचा उच्चार नक्की कर, सध्याचं पद विचार, आणि कामातली एखादी आठवण सांगायला लाव, जी कागदावर नाही.

पदाचं मुद्दाम सांगतोय. एकदा मी जुन्या बायोडेटावरून पाहुण्यांना ‘कार्यकारी अभियंता’ म्हणालो. त्यांना अधीक्षक अभियंता होऊन दोन वर्षं झाली होती. ते काही बोलले नाहीत, पण पहिल्या रांगेतले त्यांचे सहकारी एकमेकांकडे बघू लागले. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

आठवण मिळाली की निम्मं काम झालं. मागे एका निवृत्त अभियंत्यांचा परिचय मी करून दिला. बायोडेटात पुरस्कारच पुरस्कार होते. फोनवर मात्र ते म्हणाले, नोकरीच्या दुसऱ्याच पावसाळ्यात धरणावरची वीज गेली, जनरेटर सुरू होईना, आणि पाणी चढत होतं. मग चौघांनी आळीपाळीने हँडल फिरवून सांडव्याचा दरवाजा उचलला. फूटभर उचलायला पाऊण तास लागला. सकाळी हातांना फोड आले होते.

मी तेवढंच घेतलं. सुरुवात केली ती ज्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, आपण जमतो त्या विश्वेश्वरय्यांपासून. खडकवासल्याला १९०३ साली त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, पाणी वाढलं की आपोआप उघडणारे. “आणि जिथे दरवाजे आपोआप उघडत नव्हते, तिथे ते हाताने उघडणारा माणूस आज आपल्यात आहे,” एवढं म्हणून ती रात्र सांगितली. मग निवृत्तीच्या वेळचं पद, एकच पुरस्कार, आणि अगदी शेवटी पूर्ण नाव. नाव आधी घेतलं की टाळ्या आधीच वाजतात आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

दोन मिनिटांच्या वर जाऊ नकोस. सावकाश बोललं तर दोनशे शब्द पुरतात. घरी घड्याळ लावून मोठ्याने म्हणून बघ. मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी वाटतो. ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ हे वाक्य टाळ; गरज नसती तर तू उभी कशाला राहिली असतीस? त्यांच्या भाषणाचा विषय सांग, पण त्यात ते काय मांडणार ते सांगू नकोस, ते त्यांचं आहे. शाल-श्रीफळ आणि स्वागत दुसऱ्याकडे असू दे.

नाव घेताना कागदाकडे नको, त्यांच्याकडे बघ. आणि बाजूला होण्याआधी माईक त्यांच्या उंचीला लावून दे. ते चांगले उंच आहेत, नाहीतर वाकून बोलत राहतील.