गोठ्यातला ताप: तपासणी आणि बेचाळीस दिवसांच्या औषधांचा खर्च

समजा, कुर्डुवाडीजवळच्या एका वस्तीवर गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती घरच्या माणसाने उघड्या हातांनी काढली. तीन-चार आठवड्यांनी त्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला. रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम, कंबर आणि गुडघे धरलेले, भूक मेलेली. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. विडाल ‘थोडी पॉझिटिव्ह’ आली म्हणून टायफॉइडची सलाइनं लागली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. ब्रुसेलोसिसचा रुग्ण बहुधा असाच फिरतो, आणि या आजारात खरे पैसे जातात ते याच फेऱ्यांत.

आपल्या भागात हा आजार दुर्मीळ समजू नका. शेजारच्या विजापूरच्या डॉक्टरांनी 16 वर्षांत निदान झालेल्या 495 प्रौढ रुग्णांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध केला आहे. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: घरी जनावरं आहेत, एक गाभडली, किंवा आम्ही धारोष्ण दूध पितो. शेळ्या-मेंढ्या असतील तर तेही सांगा, त्यांच्याकडून येणारा प्रकार जास्त जोरदार असतो.

तपासणी दोन टप्प्यांत करायची. रोझ बेंगाल ही झटपट चाचणी साधारण दोन-तीनशे रुपयांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर ट्यूब ॲग्लुटिनेशन करायची, तिला तीनशे ते सहाशे लागतात. हे खासगी लॅबचे ढोबळ अंदाज आहेत, भाव लॅबगणिक बदलतो. रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, टायटरचा आकडा हवा. लक्षणांसोबत 1:160 किंवा त्याहून वर असेल तर निदानाला वजन येतं. आजार जोरात असताना सुरुवातीच्या पातळ्यांवर चाचणी फसून निगेटिव्ह दिसू शकते, म्हणून रक्त पुढेही पातळ करून पाहिलं का, हे लॅबला विचारा. उलट, वर्षानुवर्षं जनावरांत वावरणाऱ्याच्या रक्तात जुन्या संसर्गाचं थोडं टायटर सापडतं. ताप नसेल तर त्यावर औषध चालू करायचं नसतं. एलायझाच्या आयजीएम-आयजीजी जोडीला हजार-दोन हजार मोजण्याची गरज शंका राहिली तरच. ब्लड कल्चर करायचं असेल तर ते प्रतिजैविकं सुरू होण्याआधी, आणि संशय कशाचा आहे हे लॅबला सांगून. हे जंतू सावकाश वाढतात, शिवाय लॅबमधल्या माणसालाही बाधा करतात. सोलापूरला सिव्हिलमध्ये जाणार असाल तर ही चाचणी सध्या तिथे होते का, हे आधी विचारून निघा.

आता औषधं. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे, म्हणजे 84 कॅप्सूल. सोबत रिफाम्पिसिन रोज 600 ते 900 मिलिग्रॅम, 42 दिवस. डॉक्सिसायक्लिन जनौषधीत स्वस्त मिळतं, ब्रँडचं कित्येक पट महाग. दोन्ही मिळून साधारण पाचशे ते दीड हजार धरा. दुसरी जोडी रिफाम्पिसिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिनची: रोज एक इंजेक्शन, दोन ते तीन आठवडे. यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी असतं, पण रोज टोचायला जायचं, शिवाय कान आणि किडनी सांभाळायची. दवाखाना जवळ असेल तर मी याच जोडीबद्दल डॉक्टरांना विचारेन.

एकटं डॉक्सिसायक्लिन किंवा पंधरा दिवसांचा अर्धा कोर्स म्हणजे पैसे पाण्यात. ताप बहुतेक पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि माणूस गोळ्या सोडतो. मग काही महिन्यांत आजार उलटतो. कंबरेचा मणका धरला असेल तर औषधं किमान तीन महिने चालतात आणि एमआरआयचा काही हजारांचा खर्च वाढतो.

रिफाम्पिसिन सुरू करण्याआधी टीबी नाही ना, याची खात्री करून घ्या. रात्रीचा घाम आणि पाठदुखी दोन्हींत असते, आणि दडलेल्या टीबीवर हे औषध अर्धवट पडलं तर तो पुढे औषधांना दाद देत नाही. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच दाखवा. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्या कमी करतात. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ही जोडी देत नाहीत, त्यांच्यासाठी औषधं वेगळी.

गोठ्याचा खर्च जवळपास शून्य आहे. दूध उकळा, वार हातमोजे घालून काढा आणि चुना टाकून खोल पुरा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना राष्ट्रीय कार्यक्रमात लस मोफत मिळते, आयुष्यात एकदाच. ती जिवंत जंतूंची असते; टोचताना सुई स्वतःच्या हाताला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.