गंगासागरला जाताय? आधी ओहोटीची वेळ विचारा

पुण्यात एजंटच्या कचेरीत पैसे भरताना मी एकच प्रश्न विचारला होता. "त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे?" मी रत्नागिरीची, खाडीकाठी वाढलेली. पाण्यावरून जायचं म्हटलं की हा प्रश्न आपोआप तोंडी येतो. त्यावर तो हसला. "ताई, बोटी सारख्या चालू असतात तिथं. अर्ध्या तासाला एक. तुम्ही फक्त दर्शनाचं बघा." फोनवर पुन्हा विचारलं, तेव्हाही हेच उत्तर. हे मुद्दाम आधी सांगते, कारण नंतर "तुम्ही आधी विचारायला हवं होतं" असं मलाच ऐकवलं गेलं.

सागर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मुडीगंगा आहे. हुगळीचाच एक फाटा, पण गाळाने भरत चाललेला. मधे वाळूचे उथळ पट्टे आहेत. भरतीला त्यांच्यावरून व्हेसल आरामात जाते, ओहोटीला तळ टेकतो. म्हणून खोल ओहोटीच्या आगेमागे मिळून तीन-चार तास फेऱ्या सरळ बंद ठेवतात. यात नवीन काही नाही. काकद्वीपच्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. आमच्या एजंटला नव्हतं.

त्याने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं 'नामखाना मार्गे'. कोलकात्याच्या गाडीवाल्याने कागद पाहिला आणि सरळ नामखान्याला नेऊन उभं केलं. तिथूनही सागर बेटावर जाता येतं, नाही असं नाही. पण त्या लाँची बेटाच्या दुसऱ्या बाजूला, चेमागुडीकडे जातात, थोड्या असतात आणि त्यांनाही पाणी लागतंच. नेहमीचा राजरस्ता आहे लॉट नंबर आठचा. काकद्वीपजवळचा हा घाट, जुन्या कागदांत हारवूड पॉइंट. तिथून व्हेसल मुडीगंगा ओलांडून कचुबेडियाला जाते, साधारण पाऊण तासात. सियालदहहून लोकलने येत असाल तर काकद्वीप स्टेशन नामखान्याच्या आधी येतं. गाडीवर 'नामखाना' लिहिलंय म्हणून शेवटपर्यंत बसून राहू नका. स्टेशनपासून घाटापर्यंत टोटो मिळतात.

साडेनऊला आम्ही नामखान्यात होतो. लाँच गेली होती, पुढची कधी ते कुणी धड सांगेना. मागे वळून लॉट आठला पोचेपर्यंत सव्वाअकरा. तिकिटाची खिडकी बंद. खिडकीशेजारच्या फळ्यावर वेळा खडूने लिहिलेल्या, बंगाली आकड्यांत. आमच्या नणंदबाईंनी वाचलं, "आठ वाजता सुरू होणार!" रात्रीचे आठ! सासूबाई तिथेच बाकावर बसल्या. मग चहावाल्याने समजावलं की बंगाली चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि सात नऊसारखा. फळ्यावरच्या त्या वेळा आदल्या दिवसाच्या परतीच्या होत्या. आजची ओहोटी साडेबाराची, व्हेसल अकरालाच थांबली, अडीचच्या सुमाराला सुटेल.

समोर पाहिलं तर पाणी मागे सरकत होतं आणि मधला गाळ उघडा पडत होता. त्या क्षणी मला एजंटचं हसू आठवलं. साडेबाराची ओहोटी अचानक आली नव्हती. ती वर्षभर आधी छापलेली असते. सर्व्हे ऑफ इंडिया हुगळी नदीचं भरती-ओहोटीचं पत्रक दरवर्षी काढतं आणि त्यात सागरची वेळ असते. मी तिथूनच त्याला फोन लावला. उत्तर काय, तर "निसर्गापुढे आपण काय करणार, ताई?" वादळ आलं असतं तर मी हे ऐकून घेतलं असतं. ओहोटीला निसर्गाचा कोप म्हणणारा माणूस लोकांना बेटावर पाठवण्याचा धंदा करतो!

अडीचला खिडकी उघडली तेव्हा साडेतीन तास तुंबलेली गर्दी एकदम पुढे आली. कचुबेडियाला उतरलो चारला. तिथून मंदिर जवळजवळ तीस किलोमीटर लांब, बेटाच्या दक्षिण टोकाला. बोटीच्या तिकिटात तिथली बस येत नाही, ती वेगळी करावी लागते. कपिल मुनींच्या मंदिरापाशी पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. सासूबाईंचं त्या दिवसाचं स्नान हुकलं. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण म्हणून एजंटचा अपराध कमी होत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. ओहोटीची वेळ विचाराल तेव्हा ती सागरचीच आहे ना, हे नक्की करा. बंगाली पंचांगात भरतीची वेळ असते, पण ती कोलकात्याची. समुद्राकडून आलेलं पाणी कोलकात्याला काही तास उशिरा पोचतं, त्यामुळे हॉटेलवाल्याने पंचांग पाहून प्रेमाने सांगितलेली वेळ घाटावर चुकीची ठरते. आपला कोकणातला तिथीला पाऊण तासाने गुणण्याचा हिशोबही तिथे चालत नाही. प्रत्येक बंदराचं घड्याळ निराळं.

वेळ एकदा मिळाली की पुढचं सोपं आहे. दिवसाला दोन ओहोट्या, आणि दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी साधारण पन्नास मिनिटं उशिरा. आज साडेबाराला असेल तर उद्या एक वाजून वीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे उद्या परतताना पावणेबारापासून साडेतीनपर्यंत कचुबेडियात अडकण्याची शक्यता धरायची. मंदिरापासून घाटापर्यंत बसला तासभर, वर रांग. तेव्हा सकाळी साडेनऊच्या आत बसमध्ये बसा. हावड्याहून रात्रीची गाडी असेल तर परतीचा हा हिशोब जाण्याच्या हिशोबापेक्षा महत्त्वाचा, कारण चुकलेल्या गाडीचे पैसे कुणी देत नाही. हिवाळ्यात सकाळी धुकं असलं तरी व्हेसल थांबते, आणि धुक्याचं पत्रक निघत नाही. म्हणून दोन तास वरचे ठेवा.

ओहोटीत घाटावर कुणी येऊन "छोट्या बोटीने लगेच सोडतो" म्हणेल. जाऊ नका. सुटे पैसे, पाणी, कोरडा खाऊ जवळ असू द्या. म्हातारी माणसं बरोबर असतील तर भरतीच्या सुमाराला चढवा. पाणी खाली गेलं की तरंगत्या धक्क्यावर उतरणारा पूल उताराचा होतो आणि गुडघे बोलायला लागतात. संक्रांतीच्या जत्रेत जाणार असाल तर यातलं निम्मं बदलतं. घाट, रांगा, गाड्यांचे थांबे सगळं पोलीस ठरवतात.

आणि एजंटकडून तीन गोष्टी लिहून घ्या: घाटाचं नाव, त्या दिवशीची सागरची ओहोटीची वेळ, आणि व्हेसल चुकली तर खर्च कुणाचा. आमच्या एजंटने भरपाई म्हणून पुढच्या सहलीत सवलत देऊ केली आहे. त्याला मी कळवलंय की सवलत राहू द्या, आधी ते पत्रक विकत घ्या.