बैठकीत होकार, बाहेर नकार



बैठकीत सर्वांसमोर होकार द्यायचा आणि नंतर तो निर्णय तडीस जाणार नाही अशी व्यवस्था करायची, हा विरोधाचाच एक प्रकार आहे. उघड नकार देणाऱ्याला कारण सांगावे लागते आणि वाईटपणाही घ्यावा लागतो. छुपा विरोध करणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. कागदावर त्याचा होकार असतो आणि काम अडले तरी दोष परिस्थितीवर जातो. ‘पॅसिव्ह-अ‍ॅग्रेसिव्ह’ ही संज्ञा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय पत्रकात आली. हुकूम उघडपणे मोडता येत नाही म्हणून चालढकल, अडेलपणा आणि मुद्दाम केलेला ढिसाळपणा यांचा आधार घेणाऱ्या सैनिकांचे ते वर्णन होते. जिथे ‘नाही’ म्हणणे महाग पडते, तिथे विरोध असा आडमार्गाने बाहेर येतो. आजच्या कारखान्यांत आणि कार्यालयांतही याचे मूळ पुष्कळदा तेच असते.

मात्र प्रत्येक रखडलेल्या कामामागे छुपा विरोध नसतो. माणूस कामाने गांजलेला असू शकतो किंवा निर्णय त्याला नीट कळलेला नसू शकतो. फरक ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विसराळूपणा सगळ्याच कामांत आहे की नेमक्या त्याच निर्णयाबाबत. दुसरी, अडचण मुदतीआधी कळवली जाते की मुदत उलटल्यावर, विचारल्यानंतरच. तिसरी आणि सर्वांत भरवशाची म्हणजे सांगितलेली अडचण दूर केल्यावर काम सुरू होते की लगेच नवी अडचण उभी राहते. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये. तीच चाल पुन्हा पुन्हा दिसली तरच तो काढावा.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेता येईल. बाहेरून येणाऱ्या कास्टिंगमध्ये दोष निघू लागल्यामुळे असे ठरते, की गुणवत्ता विभागाने तपासून हिरवा टॅग लावल्याशिवाय स्टोअरने माल लाइनवर सोडायचा नाही. प्लँट मॅनेजर बैठकीत असतात. स्टोअर इन्चार्ज म्हणतो, “हो, काही प्रॉब्लेम नाही.” आठवडाभरात बिनटॅगचा माल लाइनवर दिसू लागतो. विचारले तर उत्तर मिळते, “प्रॉडक्शनचा फोन आला, लाइन थांबली असती.” पुढच्या आठवड्यात टॅग संपलेले असतात. त्यानंतर नोंदवही सापडत नाही. दरम्यान पुरवठादाराला तो सांगतो, “चार दिवसांचं आहे हे, होईल पूर्वीसारखं.” हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. फोन, टॅग आणि वही या अडचणी खऱ्याही असू शकतात, पण निर्णय टिकणार नाही असे बाहेर सांगत राहणे ही अडचण नसून भूमिका आहे.

यावर उपाय करताना बहुतेक जण दोन चुका करतात. एक म्हणजे, वरिष्ठांना प्रत पाठवून सर्वांना दिसेल असा खरमरीत ई-मेल लिहितात. दुसरी म्हणजे, चहाच्या टपरीवर त्या माणसाच्या स्वभावाची चर्चा करतात. पहिलीमुळे तो अधिक सावध होतो, पुढचा होकार आणखी गोड येतो. दुसरीमुळे तक्रार करणाराही मागून बोलणाऱ्यांत मोडतो आणि त्याच्या म्हणण्याचे वजन जाते.

योग्य सुरुवात म्हणजे समोरासमोर, दोघांतच बोलणे. बोलणे घटनेवर असावे, हेतूवर नसावे. “तुम्ही मुद्दाम करता” या वाक्याला नकाराशिवाय उत्तर नसते. “मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या पाळीत बिनटॅगच्या पेट्या लाइनवर गेल्या, त्या वेळी नेमकं काय झालं?” या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे लागते. प्रश्न विचारून थांबावे आणि समोरच्याला पुरते बोलू द्यावे.

दडपलेला आक्षेप बहुधा इथेच बाहेर येतो, आणि तो पोकळच असेल असे नाही. या उदाहरणात पुरवठादाराची गाडी संध्याकाळी पाचला येते, तपासनीस साडेपाचला घरी जातो आणि तपासणीला दोन तास लागतात. म्हणजे नियम पाळला तर दुसऱ्या पाळीला माल मिळत नाही आणि बोलणी खावी लागतात ती स्टोअर इन्चार्जला. मॅनेजरसमोर हे सांगणे म्हणजे आपली असमर्थता कबूल करणे, असे त्याला वाटले म्हणून तो गप्प बसला. आक्षेप खरा असेल तर निर्णय उघडपणे बैठकीत परत न्यावा आणि दुरुस्त करावा. गाडी दुपारी दोनच्या आत यावी आणि एका पाळीला पुरेल इतका तपासलेला माल कायम शिल्लक असावा, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. आक्षेप त्याच्याच तोंडून मांडला जाईल असे पाहावे. म्हणजे दुरुस्त निर्णय त्याचाही होतो.

पुढच्या बैठकांची पद्धतही बदलावी लागते. ‘सगळ्यांना मान्य ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली रीत वापरावी: सहा महिन्यांनी हा निर्णय फसला असे धरून चालायचे आणि तो का फसला असेल, हे प्रत्येकाने लिहून काढायचे. त्यामुळे आक्षेप घेणे हा विरोध न राहता नेमून दिलेले काम होते आणि वरिष्ठांसमोरही बोलता येते. शेवटी प्रत्येकाने आपण काय आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. तेच तीन-चार ओळींत त्याच दिवशी सर्वांना पाठवावे. मुदतीच्या मध्यावर एकदा साधी विचारपूस करावी. मुदत संपल्यावर विचारले तर कारणे मिळतात. मध्यावर विचारले तर अडचण सोडवायला वेळ उरतो.

एवढे करूनही बिनटॅगचा माल जातच राहिला, तर शंकेला जागा उरत नाही. त्यानंतर वरिष्ठांकडे जाणे ही चहाडी नव्हे. जाण्याआधी त्या सहकाऱ्याला तसे सांगावे. वरिष्ठांपुढे तारखा, पेट्यांची संख्या, लाइनवर निघालेले दोष आणि आधी केलेली दुरुस्ती एवढेच मांडावे; स्वभावाविषयी एक शब्दही काढू नये. बरोबरीच्या सहकाऱ्याला शिस्त लावण्याचा अधिकार बरोबरीच्या माणसाला नसतो. ते काम वरिष्ठांचेच आहे हे मान्य केले म्हणजे मनस्ताप बराच कमी होतो.

या मार्गाची मर्यादाही लक्षात ठेवावी. आक्षेप घेणाऱ्याचा जिथे पाणउतारा होतो, तिथे एक माणूस बदलला तरी त्याच्या जागी आलेला दुसरा तेच करू लागतो. म्हणून बैठक चालवण्याची पाळी ज्याच्यावर येईल त्याने पहिला ‘नाही’ शांतपणे ऐकून घ्यावा, त्याची नोंद करावी आणि तो बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागणार नाही याची काळजी घ्यावी.