धोका मोजणारा पंचवीस घरांचा तक्ता

पऱ्हाटीवर फवारणी करणे आणि कापूस वेचणे ही दोन्ही शेतातलीच कामे. वेचताना बोंडाची टोके बोटांना रोज टोचतात, तर फवारणीत विषबाधा होऊ शकते. यांत जास्त धोका कशात, हे आकड्यांनी कसे सांगाल? त्यासाठी कारखान्यांत पाच गुणिले पाच घरांचा तक्ता वापरतात. तो आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका खऱ्या घटनेवर तपासून पाहू.

प्रत्येक अपघाताला दोन अंक द्यायचे. पहिला संभाव्यतेचा, म्हणजे तो किती वेळा घडतो याचा. येथे क्षेत्र ठरवून घ्यावेच लागते. आपण एक तालुका घेऊ. दहा वर्षांत ऐकलेले नाही तर १, काही वर्षांतून एकदा घडते तर २, वर्षातून एकदोनदा ३, वर्षातून अनेकदा ४ आणि दर आठवड्याला घडत असेल तर ५.

दुसरा अंक तीव्रतेचा. मलमपट्टीवर भागते तर १, एकदोन दिवस काम बुडते तर २, रुग्णालयात राहून माणूस बरा होतो तर ३, कायमचे अपंगत्व आले तर ४ आणि मृत्यू ओढवला तर ५. या दोन अंकांचा गुणाकार म्हणजे धोक्याचा अंक.

| संभाव्यता ↓ तीव्रता → | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| ५ | ५ | १० | १५ | २० | २५ |
| ४ | ४ | ८ | १२ | १६ | २० |
| ३ | ३ | ६ | ९ | १२ | १५ |
| २ | २ | ४ | ६ | ८ | १० |
| १ | १ | २ | ३ | ४ | ५ |

१ ते ४ कमी धोका, ५ ते ९ मध्यम, १० ते १४ मोठा. १५ किंवा अधिक आले तर काम थांबवायचे, असे आपण ठरवू.

आता घटना पाहू. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या सुमारे ८०० जणांना विषबाधेमुळे रुग्णालयात न्यावे लागले आणि २० हून अधिक जण दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. त्यामुळे पंपाचा फवारा खाली न पडता तोंडावर आणि अंगावर येत होता. कीटकनाशक श्वासातून तर जातेच, पण ओल्या कपड्यांतून कातडीवाटेही शरीरात शिरते.

जिल्ह्यात तालुके १६. म्हणजे एका तालुक्यात सरासरी ५० रुग्ण. सुमारे १७ आठवड्यांत भागले तर आठवड्याला तीन. संभाव्यता ५, तीव्रता ३, गुणाकार १५. मृत्यू तालुक्यामागे वर्षात एकाहून थोडे अधिक. संभाव्यता ३, तीव्रता ५, गुणाकार पुन्हा १५. दोन्ही ओळी सांगतात, काम थांबवा.

येथे एक चूक नेहमी होते. रुग्णालयाची संभाव्यता ५ आणि मृत्यूची तीव्रता ५ घेऊन कोणी २५ लिहितो. पण दोन्ही अंक एकाच परिणामाचे असले पाहिजेत. म्हणून प्रत्येक परिणामाची ओळ वेगळी लिहावी आणि त्यांतला मोठा अंक धरावा.

आता उपाय करून पुन्हा अंक देऊ. हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरले आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारले, तर संभाव्यता घटते. रुग्णालयाची ५ ऐवजी ३ धरली, तर अंक ९ होतो. मृत्यूची ३ ऐवजी २ धरली, तरी अंक १० राहतो. विष तेच असल्याने तीव्रता ५ वरून हललेली नाही आणि मोजा फाटला की संभाव्यताही पुन्हा वर जाते. तीव्रता कमी करायची तर विषच बदलावे लागते. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लालऐवजी निळ्या त्रिकोणाचे औषध चालत असेल, तर मृत्यूची शक्यता पुष्कळ घटते. मात्र निळा म्हणजे निरुपद्रवी नव्हे; मोजे तेव्हाही हवेतच.

तक्त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवा. बोंड टोचणे ५ × १ = ५, आणि शेतात वीज पडून मृत्यू, संभाव्यता १ धरली तर, १ × ५ = ५. अंक सारखे, पण धोके सारखे नाहीत. याचे कारण हे अंक म्हणजे सेंटिमीटर किंवा ग्रॅमसारखी मापे नव्हेत; ते केवळ क्रम दाखवतात. तीव्रता ४ ही २ च्या दुप्पट नसते. म्हणून तीव्रता ५ असलेली प्रत्येक ओळ, गुणाकार कितीही लहान असो, वेगळी तपासावी.

आता तुम्ही करून पाहा : शाळेच्या प्रयोगशाळेत तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळून विरल करतात. क्षेत्र तुमची शाळा धरा, तीन परिणामांच्या तीन ओळी लिहा आणि अंक द्या. मग चष्मा वापरल्याने कोणता अंक बदलतो, आणि शिक्षकांनी आम्ल आधीच विरल करून दिल्याने कोणता, ते शोधा.